भांडी ६५ अंशांवर धुतली, पण पुसली कशाने? डिशवॉशर, गरम पाणी आणि ओल्या फडक्याचं गणित

हाताने घासलेली भांडी जास्त स्वच्छ की डिशवॉशरमधली, हा वाद आता अनेक घरांत रंगतो. मात्र भांडी धुऊन झाल्यावर ती कशी वाळवली जातात, याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. धुण्याची सगळी मेहनत वाया जाऊ शकते ती नेमकी इथेच.

स्वच्छ आणि निर्जंतुक यात फरक काय?

खरकटं, तेल आणि वास गेला की भांडं स्वच्छ झालं. त्यावरचे जिवाणू सुरक्षित पातळीपर्यंत कमी झाले की ते निर्जंतुक मानलं जातं. साबण आणि घासणी बरेचसे जिवाणू तेलकटपणासोबत सुटे करून पाण्याबरोबर वाहून नेतात. उरलेले मारायचे असतील तर उष्णता लागते.

हाताने धुताना अडचण कुठे येते?

अडचण हातांचीच आहे. साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या पुढचं पाणी हाताला सहन होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमावलीनुसार, हॉटेलात गरम पाण्याने भांडी निर्जंतुक करायची तर ती किमान ७७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद बुडवावी लागतात. म्हणजे गिझरच्या कोमट पाण्याने तेल लवकर सुटतं, पण जंतू मारण्यासाठी ते पुरेसं नाही.

मग डिशवॉशरच सरस का?

तापमानाच्या बाबतीत, हो. मशीनमध्ये हात घालायचा नसल्याने पाणी हवं तेवढं तापवता येतं. घरगुती डिशवॉशरच्या ‘सॅनिटाइझ’ प्रोग्रॅमसाठी अमेरिकेत एनएसएफचं प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी शेवटच्या विसळणीचं पाणी किमान ६५.५ अंशांपर्यंत तापावं आणि जिवाणू ९९.९९९ टक्के कमी व्हावेत, अशी अट आहे.

पण मशीनचा प्रत्येक प्रोग्रॅम इतका गरम नसतो. वीज वाचवणारा ‘इको’ प्रोग्रॅम साधारण ५० अंशांच्या आसपास चालतो. त्यामुळे कोणत्या प्रोग्रॅमचं तापमान किती, हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावं. वाट्या एकात एक घातल्या किंवा उताण्या ठेवल्या, तर मात्र योग्य प्रोग्रॅम लावूनही उपयोग होत नाही. पाण्याचा फवारा आतल्या बाजूला पोहोचतच नाही आणि खरकटं तसंच राहतं.

फडका खेळ कसा बिघडवतो?

एक उदाहरण घेऊ. एका ताटावर १० लाख जिवाणू आहेत. ९९.९९९ टक्के कमी झाले, तर उरले फक्त १०. आता मशीन उघडल्यावर ताटावर थोडं पाणी दिसलं, म्हणून ते ओट्याजवळ लटकणाऱ्या फडक्याने पुसलं. त्याच फडक्याने सकाळपासून हात पुसले गेलेत, ओट्यावर सांडलेलं दूध टिपलं गेलंय आणि तो अजून ओलाच आहे. ओलावा आणि अन्नाचे कण मिळाले की फडक्यात जिवाणू वाढत राहतात. पुसताना ते ताटावर येतात आणि १०चा आकडा पुन्हा कुठल्या कुठे जातो.

मॉरिशस विद्यापीठाच्या संशोधकांनी महिनाभर वापरलेले १०० किचन टॉवेल तपासले होते. त्यातल्या ४९ टॉवेलवर जिवाणूंची वाढ आढळली. हे निष्कर्ष २०१८मध्ये मांडले गेले. एकच टॉवेल अनेक कामांसाठी वापरणाऱ्या घरांत आणि ओलसर टॉवेलवर ई. कोलाय जास्त सापडला.

मग वाळवायचं कसं?

भांडी निथळू द्यावीत. वर उल्लेख केलेली अमेरिकी नियमावलीही निर्जंतुक केलेली भांडी कापडाने न पुसता हवेवर वाळवायला सांगते. ताटं जाळीच्या स्टँडमध्ये उभी, तर वाट्या-पेले पालथे पण थोडे तिरके ठेवावेत. सपाट ओट्यावर पालथा घातलेला पेला आतून ओलाच राहतो.

डिशवॉशरमध्ये स्टील आणि काच स्वतःच्या उष्णतेने लवकर वाळतात. प्लॅस्टिकचे डबे उष्णता धरून ठेवत नाहीत, म्हणून ते ओले निघतात. मशीन रिकामं करताना आधी खालचा कप्पा काढावा. नाहीतर वरच्या पेल्यांच्या तळाशी साचलेलं पाणी खालच्या कोरड्या ताटांवर सांडतं.

पुसणं टाळता येत नसेल, तर भांड्यांचा फडका वेगळा ठेवावा. तो रोज बदलावा, गरम पाण्यात धुवावा आणि कडकडीत वाळवावा. पावसाळ्यात फडके दमट राहतात आणि त्यांना कुबट वास येतो. असा फडका भांड्यांना लावू नये.

डिशवॉशर नसेल तर?

रोजच्या वापरासाठी साबणाने नीट घासणं, वाहत्या पाण्याखाली विसळणं आणि निथळत ठेवणं पुरेसं आहे. घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील किंवा बाळाची दुधाची बाटली असेल, तर एक पायरी वाढवावी. बाटली आधी घासून घ्यावी, तिचे सगळे भाग सुटे करून पाण्यात पूर्ण बुडवावेत आणि पाण्याला उकळी आल्यावर पाच मिनिटं उकळू द्यावेत. उकळून काढलेली बाटली मात्र फडक्याने पुसू नये.