खोका उघडण्याआधीची संहिता आणि उघडल्यानंतरची

घरात नवा मिक्सर घ्यायचा ठरला की हल्ली दुकानात जाण्याआधी मोबाइलवर कुणीतरी तो खोक्यातून काढताना आपण बघतो. बघणाऱ्याची अपेक्षा साधी असते. आपण पैसे मोजून हाच खोका घरी आणला तर आत नेमकं काय निघेल, ते आधी कळावं. पुष्कळसे अनबॉक्सिंग व्हिडिओ ही अपेक्षा पुरी करत नाहीत, कारण त्यांची संहिता खोका उघडायच्या आधीच शेवटच्या ओळीपर्यंत लिहून झालेली असते. ‘वा, काय सुंदर फिनिश आहे!’ हे वाक्य वस्तू हातात येण्यापूर्वीच कागदावर उतरलं असेल, तर त्याला पहिलं मत कसं म्हणायचं?

ही संहिता दोन बैठकांत लिहावी. खोका बंद असताना पहिला भाग लिहायचा, मग उघडण्याचं चित्रीकरण न थांबता एका दमात करायचं, आणि जे दिसलं त्यावरून दुसरा भाग लिहायचा. उदाहरणासाठी ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा घरगुती मिक्सर घेऊ.

सुरुवात बहुतेक वेळा अशी होते: ‘नमस्कार मित्रांनो, आज आपण एका जबरदस्त मिक्सरचं अनबॉक्सिंग करणार आहोत. व्हिडिओ शेवटपर्यंत नक्की बघा.’ शेवटपर्यंत का बघायचं, याचं उत्तर यात कुठेच नाही. त्याऐवजी हे वाचून बघा: ‘या खोक्यावर ७५० वॅट लिहिलंय. दोन माणसांच्या घरात लागते तेवढी, मूठभर ओल्या खोबऱ्याची चटणी याच्या सगळ्यात लहान भांड्यात नीट वाटली जाते का, ते आज बघायचंय.’

स्वयंपाक करणारं माणूस इथे थांबतं, कारण ही अडचण त्याच्या रोजच्या ओळखीची आहे. जिन्नस थोडा असला की तो उडून भांड्याच्या कडांना चिकटतो आणि पाती मधल्या मध्ये रिकामी फिरत राहतात. मोटर किती वीज घेते ते वॅटच्या आकड्यावरून कळतं, पण मूठभर खोबरं वाटलं जाईल की नाही ते कळत नाही. ते भांड्याच्या आकारावर आणि पाती तळापासून किती उंच आहेत यावर बरंचसं अवलंबून असतं. खोका वाचून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही आणि लिहिणाऱ्यालाही ते अजून ठाऊक नसतं, म्हणून ही उत्सुकता खरी असते. मात्र एकदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच व्हिडिओत मिळालंच पाहिजे.

पहिल्या भागात आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे कॅमेऱ्यासमोर मोठ्याने सांगितलेल्या अपेक्षा. ‘वायर माझ्या ओट्यावरून प्लगपर्यंत पोहोचावी. झाकणं घट्ट बसावीत. लहान भांडं चालावं.’ वस्तू बघण्याआधी हे बोललं की पुढचं कौतुक आणि पुढची नाराजी, दोन्ही कशाशी ताडून बघायची ते प्रेक्षकाला कळतं. मग खोक्याची बाहेरची बाजू सावकाश दाखवावी: कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, आयएसआय चिन्ह आणि त्यासोबतचा मानक क्रमांक, जो घरगुती मिक्सरसाठी आयएस ४२५० असा आहे. समजा, खोक्यावरच्या चित्रात ज्यूसचं चौथं भांडं आहे आणि खाली बारीक अक्षरांत ‘वेगळं विकत घ्यावं लागेल’ असं छापलंय. ते खोका फोडण्याआधीच वाचून दाखवायचं.

खोका उघडला की लिहिणाऱ्याची खरी परीक्षा सुरू होते. समजा, चटणीच्या भांड्याचं झाकण सैल निघालं. यावर सर्रास ऐकू येणारं वाक्य असं: ‘झाकण थोडं अजून चांगलं हवं होतं, पण या किमतीत ठीक आहे.’ या वाक्यातून बघणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तीच नाराजी अशी लिहिता येते: ‘या झाकणाला आतून रबरी रिंग नाही. भांड्यात अर्ध्यापर्यंत पाणी घालून, झाकण लावून मी ते आडवं करते. हे बघा, गळतंय. दाण्याचं कूट किंवा सुकी चटणी करणाऱ्यांना त्रास नाही. पण पातळ वाटण करणार असाल तर ओटा पुसावा लागेल.’ काय दिसलं, ते कसं तपासलं आणि त्याचा त्रास कुणाला होईल, हे सगळं यात आलं. ही नाराजी जिथे कळली तिथेच बोलावी. ती राखून ठेवून शेवटच्या अर्ध्या मिनिटात उरकली, तर मधेच व्हिडिओ बंद करणाऱ्याला ती कळतच नाही.

पण दिसेल ते सगळंच दोष म्हणून सांगणंही चूक. नवा मिक्सर पहिल्यांदा चालवला की जळकट वास येऊ शकतो. मोटरच्या वेटोळ्यांवरचं व्हार्निश तापल्यामुळे तो येतो आणि काही वापरांनंतर जातो. धूर निघाला किंवा वास जातच नसेल, तर मात्र तक्रार करायलाच हवी. तसंच भांडं गच्च भरल्यामुळे मिक्सर एकदम बंद पडला, तर तो बिघडलाच असं नाही. पुष्कळ मिक्सरना तळाशी ओव्हरलोडचं बटण असतं. मोटर वाचवण्यासाठी ते सुटतं, आणि मोटर थंड झाल्यावर दाबलं की मिक्सर पुन्हा चालू होतो. म्हणून दुसऱ्या भागाची पहिली ओळ लिहिण्याआधी माहितीपुस्तिका वाचून काढावी.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर: ‘मूठभर खोबरं, दोन मिरच्या, चमचाभर पाणी. तीनदा थांबून कडांचं खाली ओढावं लागलं. चटणी झाली, पण भरडच राहिली. दुप्पट खोबरं घेतलं तेव्हा एकजीव झाली.’ एवढ्यावर दोन माणसांचं घर आणि सहा माणसांचं घर आपापला निर्णय घेऊ शकतं.

पहिल्या दिवशी ‘टिकाऊ’ हा शब्द मात्र कुणी वापरू नये. वजन, वायरची लांबी, आवाज, झाकणाची बसण हे तासाभरात सांगता येतं. पात्यांची धार किती राहील, भांडं आणि मोटर जोडणारा कपलर कधी झिजेल, हे नाही सांगता येत. इथे वॉरंटीचं कार्ड वाचून दाखवणं उपयोगी पडतं, कारण खोक्यावर ठळक छापलेली वर्षं अनेकदा फक्त मोटरची असतात. भांडी आणि पाती त्यात असतीलच असं नाही.

वस्तू कंपनीने फुकट पाठवली असेल तर या सगळ्या मतांना वेगळा संदर्भ येतो. जाहिरात मानक परिषदेची २०२१ची नियमावली आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाची जानेवारी २०२३मधली मार्गदर्शिका, दोन्हींनुसार पैसेच नव्हे तर फुकट मिळालेली वस्तूसुद्धा जाहीर करावी लागते. व्हिडिओखालच्या मजकुरात ती ओळ दडवू नका. ‘हा मिक्सर मला कंपनीने फुकट दिला आहे’ किंवा ‘हा मी स्वतःच्या पैशांनी घेतला आहे’ यातलं जे खरं असेल, ते खोक्याला हात लावण्याआधी स्वच्छ मराठीत बोला आणि पडद्यावरही लिहा.