महिन्याची कुकी, चोवीस मिनिटांचे सेशन

लॉगिनच्या पानावर पासवर्डच्या खाली एक छोटी चौकट असते. ‘रिमेंबर मी’ किंवा ‘मला लक्षात ठेवा’ असे तिच्याशेजारी लिहिलेले असते. माणूस भाबडेपणाने तिथे टिचकी मारतो, आत जातो, थोडे काम करतो, जेवून परत येतो आणि बघतो तर काय, पासवर्ड पुन्हा मागितला जातोय. अशा वेळी बहुतेक जण ब्राउझरला दोष देतात. काही जण कुकीज पुसून पाहतात, काही जण नवा ब्राउझर घेतात. बऱ्याचदा ब्राउझर बिचारा आपले काम चोख करत असतो. विसरभोळा असतो तो दुसऱ्या टोकाचा सर्व्हर.

वेबची मूळ रचनाच विस्मरणाची आहे. ब्राउझर एक पान मागतो, सर्व्हर ते देतो आणि व्यवहार संपतो. पुढची विनंती आली की ती त्याच माणसाची आहे, हे सर्व्हरला कळायला मार्ग नसतो. 1994 साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर कुकीचा तोडगा काढला. सर्व्हर ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी देतो आणि ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत ती परत दाखवतो. लॉगिनसाठी या चिठ्ठीवर नाव किंवा पासवर्ड सहसा नसतो. एक लांबलचक, अंदाज करता न येणारा क्रमांक असतो. हा क्रमांक कोणाचा, ही नोंद सर्व्हर स्वतःकडे ठेवतो. या नोंदीला सेशन म्हणतात.

म्हणजे एकाच ओळखीचे दोन तुकडे दोन ठिकाणी असतात, आणि दोघांची मुदत वेगवेगळी ठरवावी लागते. देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात बिल्ला मिळतो. बिल्ला खिशात महिनाभर राहिला तरी दुकानदाराने संध्याकाळी फळी रिकामी केली असेल, तर त्या बिल्ल्यावर चपला मिळणार नाहीत. ‘रिमेंबर मी’च्या बाबतीत नेमके हेच होते. प्रोग्रामर बिल्ल्याची मुदत वाढवतो आणि फळीकडे बघायचे राहून जाते.

पीएचपी या भाषेत हे फार सहज घडते, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. समजा, एका वाचनालयाने सभासदांसाठी पुस्तके राखून ठेवायची सोय केली. सभासदाने ‘मला लक्षात ठेवा’वर खूण केली, तर त्याला महिनाभर पासवर्ड विचारायचा नाही, असे ठरले. प्रोग्रामरने त्यासाठी हे लिहिले:

```php
session_set_cookie_params(30 * 24 * 60 * 60);
session_start();
```

पहिल्या ओळीतला गुणाकार 25,92,000 सेकंदांचा, म्हणजे पूर्ण तीस दिवसांचा. ब्राउझरला `PHPSESSID` नावाची कुकी मिळते, तिच्यावर महिन्यानंतरची तारीख असते आणि ब्राउझर ती इमानाने सांभाळतो. पण सर्व्हरकडची नोंद किती वेळ टिकणार हे ठरवते दुसरेच कलम, `session.gc_maxlifetime`. ते कोणी बदलले नसेल तर त्याची किंमत असते 1440. दिवसात 1440 मिनिटे असतात, त्यामुळे हा आकडा पाहून ‘म्हणजे चोवीस तास’ असा समज होणे अगदी स्वाभाविक आहे. पण हे सेकंद आहेत. चोवीस तास नव्हे, चोवीस मिनिटे.

डेबियन किंवा उबंटू असलेल्या सर्व्हरवर पुढे काय होते ते घड्याळ लावून पाहता येते. तिथे सेशनची नोंद `/var/lib/php/sessions` या फोल्डरात एका छोट्या फाइलच्या रूपाने बसते. सभासद पान उघडतो तेव्हा त्या फाइलवरची वेळ ताजी होते. जुन्या फाइली झाडून काढायचे काम दर अर्ध्या तासाने, घड्याळाचा काटा 9 आणि 39 मिनिटांवर आला की होते. आपल्या सभासदाने 11:05 ला लॉगिन केले आणि शेवटची टिचकी 11:10 ला मारली. 11:39 ला झाडूवाला आला, फाइल एकोणतीस मिनिटे जुनी दिसली, गेली. पावणेबाराला सभासद परतला तेव्हा ब्राउझरने कुकी दाखवली, सर्व्हरने त्या क्रमांकाची फाइल शोधली आणि ती सापडली नाही.

दुसऱ्या सभासदाने शेवटची टिचकी 11:20 ला मारली असेल, तर 11:39 ला त्याची फाइल जेमतेम एकोणीस मिनिटांची असते. ती वाचते आणि थेट 12:09 ला जाते. म्हणजे एकाला अर्ध्या तासात बाहेर काढले जाते, तर दुसरा पाऊण तासानंतरही आत असतो. तक्रारी अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या आल्या की ऐकणाऱ्याला वाटते, सभासदच काहीतरी चुकीचे दाबत असावेत.

त्यात भर म्हणजे प्रोग्रामरच्या स्वतःच्या लॅपटॉपवर सगळे व्यवस्थित चालते. तिथे झाडू बहुधा घड्याळावर नसतो, तो योगायोगावर असतो. पीएचपीसोबत येणाऱ्या तयार सेटिंग्जच्या फाइलींत ही शक्यता हजारात एक ठेवलेली असते. सेशन सुरू करणाऱ्या सरासरी हजार विनंत्यांमागे एकदा सफाई होते. एकटा माणूस चाचणी करत असेल तर हजार विनंत्या व्हायला कित्येक दिवस लागतात, आणि फाइल झाडली गेली नाही तोवर पीएचपी तिचे वय न विचारता ती वापरते. मुदत कधीच संपलेली असते, पण कोणाच्या लक्षात येत नाही. वर्दळीच्या सर्व्हरवर मात्र ही सवलत मिळत नाही.

दोष नेमका कुठे आहे हे ओळखायला फार खटपट लागत नाही. क्रोममध्ये F12 दाबून Application या टॅबमधली कुकीजची यादी उघडायची आणि Expires चा रकाना पाहायचा. तिथे तारखेऐवजी Session हा शब्द असेल, तर चौकटीवरची खूण कोडपर्यंत पोहोचलेलीच नाही आणि तो आजार वेगळा. तिथे महिन्यानंतरची तारीख असेल आणि तरीही पासवर्ड मागितला जात असेल, तर संशय सर्व्हरवर घ्यायला हरकत नाही. आणखी एक गमतीची खूण आहे. `session.use_strict_mode` हे कलम बंद असेल, आणि मुळात ते बंदच असते, तर पीएचपी तो जुना क्रमांक तसाच स्वीकारते आणि त्याच नावाची रिकामी फाइल नव्याने तयार करते. कुकी तीच, क्रमांक तोच, आतले नाव तेवढे गायब. पाहणारा चक्रावतो तो इथे.

रोग कळल्यावर पहिला उपाय सुचतो तो 1440 च्या जागी 25,92,000 लिहिण्याचा. छोट्या संकेतस्थळावर तो चालूनही जातो, पण कुठे लिहिला यावर सगळे अवलंबून आहे. डेबियनचा झाडूवाला मुदत वाचतो ती `php.ini` मधून. प्रोग्रामरने आपल्या कोडमध्ये `ini_set` वापरून मुदत वाढवली असेल, तर ती त्याच्या कानावरच जात नाही आणि तो आपल्या चोवीस मिनिटांवर ठाम राहतो. सेशनच्या फाइलींसाठी वेगळे फोल्डर दिले की त्याची झाडू तिथे पोहोचत नाही, पण मग उलटी अडचण होते. डेबियनने पीएचपीची स्वतःची सफाई बंद ठेवलेली असते, म्हणून `session.gc_probability` शून्यावरून वर आणले नाही तर त्या फोल्डरात फाइली साचत राहतात. त्यात संकेतस्थळ चाळून जाणाऱ्या यंत्रांच्याही असतात, कारण कुकी परत न आणणारा प्रत्येक पाहुणा दर भेटीला नवी फाइल मागे ठेवून जाऊ शकतो.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून मोठा. सेशनचा क्रमांक ज्याच्या हाती लागला तो आत येऊ शकतो. ती खिडकी चोवीस मिनिटे उघडी असणे आणि महिनाभर उघडी असणे यात बराच फरक आहे. त्यामुळे 1440 हा आकडा शत्रू समजून तो खोडण्यापेक्षा सेशन लहानच ठेवावे आणि दीर्घ ओळखीसाठी वेगळी कुकी द्यावी, हा मार्ग जास्त शहाणपणाचा. चार्ल्स मिलर यांनी 2004 साली ही पद्धत नीट मांडली आणि 2006 साली बॅरी जस्पन यांनी तिच्यात सुधारणा सुचवली. जावाच्या जगातल्या स्प्रिंग सिक्युरिटीने जस्पन यांची रीत उचलली आहे.

वाचनालयाच्या बाबतीत ते असे दिसेल. चौकटीवर खूण असेल तर लॉगिनच्या वेळी सर्व्हर दोन यादृच्छिक तुकडे तयार करतो. एक नोंद शोधण्यापुरता, दुसरा गुपित.

```php
$selector  = bin2hex(random_bytes(8));
$validator = bin2hex(random_bytes(32));
$hash      = hash('sha256', $validator);
```

पहिले दोन तुकडे जोडून तीस दिवसांच्या कुकीत जातात. डेटाबेसमध्ये पहिला तुकडा, गुपिताचा `$hash`, सभासदाचा क्रमांक आणि मुदतीची तारीख एवढे लिहिले जाते. खुद्द गुपित तिथे नसते, त्यामुळे डेटाबेस चोरीला गेला तरी त्यावरून चालणारी कुकी बनवता येत नाही. आता 11:39 ला सेशनची फाइल गेली तर जाऊ द्या. पावणेबाराला सभासद आला की सर्व्हर पाहतो, सेशन नाही, पण दुसरी कुकी आहे. तो नोंद शोधतो, गुपिताचा हॅश पडताळतो, नवे सेशन उघडतो आणि कुकीतले गुपित बदलून नवे देतो. सभासदाला यातले काहीच जाणवत नाही.

गुपित दर वेळी बदलण्याचा फायदा असा की जुनी, वापरून झालेली कुकी पुन्हा कोणी दाखवली तर चोरीचा संशय घेता येतो आणि त्या सभासदाच्या सगळ्या नोंदी रद्द करता येतात. पण यात एक खड्डा आहे. सकाळी ब्राउझर उघडला की कालचे चार टॅब एकदम जागे होतात आणि चौघेही एकाच क्षणी तीच कुकी पाठवतात. पहिल्याने गुपित बदलले की उरलेले तिघे चोर ठरतात आणि मालकालाच सगळीकडून हाकलले जाते. म्हणून जुने गुपित काही सेकंद चालू ठेवण्याची ढील द्यावी लागते. ‘रिमेंबर मी चालत नाही’ ही तक्रार दुरुस्तीनंतरही आली, तर आधी इथे पाहावे.

या कुकीच्या जोरावर आत आलेल्या माणसाला सगळेच करू देऊ नये, हेही ओघाने येते. पुस्तक राखून ठेवणे ठीक. पण ईमेल किंवा पासवर्ड बदलायचा असेल तर त्याच क्षणी पासवर्ड विचारावा. पासवर्ड बदलला की त्या सभासदाच्या सगळ्या दीर्घ नोंदी पुसाव्यात, आणि ‘बाहेर पडा’ दाबल्यावर सेशनसोबत ही नोंदही जावी. हे शेवटचे बऱ्याच ठिकाणी राहून जाते, आणि मग बाहेर पडलेला माणूस पान ताजे करताच पुन्हा आत दिसतो.

दुरुस्ती खरी झाली का, हे पाहायला महिना थांबायची गरज नाही. कुकीजच्या यादीतून फक्त `PHPSESSID` पुसायची, दुसरी तशीच ठेवायची आणि पान ताजे करायचे. सभासदाचे नाव दिसले पाहिजे, आणि यादीत नव्या क्रमांकाची `PHPSESSID` आलेली असली पाहिजे. मग दुसऱ्या ब्राउझरमधून पासवर्ड बदलायचा, पहिल्यातली `PHPSESSID` परत एकदा पुसायची आणि पान पुन्हा ताजे करायचे. या वेळी लॉगिनचे पान आले पाहिजे.