इटलीला मेल: आधी सुट्टीची चौकशी, मग सीलिंग जॉ

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की इटलीच्या सप्लायरला इंग्रजीत मेल लिहायचा तर सुरुवात कशी करायची. मी पॅकेजिंग मशीनचे पार्ट्स मागवतो, त्यामुळे बोलोन्याकडच्या लोकांशी माझं नेहमीचं काम. तिथे अशा मशीन बनवणाऱ्या कंपन्यांची गर्दीच आहे, आणि त्यातल्या कितीतरी घरच्या, छोट्या.

आपल्याकडे मेल म्हणजे ‘डिअर सर, प्लीज कोट फॉर द फॉलोइंग’. जर्मनीत हे चालून जातं. इटलीत समोरच्याला ते दारातूनच ओरडल्यासारखं वाटू शकतं. उत्तर येतं, पण नुसतं किंमत आणि तारीख. ‘तारीख थोडी अलीकडे आणू का?’ हे कुणी आपणहून विचारत नाही.

आता समजा, सप्टेंबरचा पहिला आठवडा आहे आणि दोन सीलिंग जॉ हवेत. इटलीत 15 ऑगस्टला फेरागोस्तो असतो, त्याच्या आगेमागे कारखाने दोन-तीन आठवडे बंद. म्हणजे समोरची बाई नुकतीच सुट्टीवरून परतलीय. मी असं लिहीन: ‘बुओंजोर्नो पावला, सुट्टी छान गेली ना? तुम्ही पुलियाला जाणार होतात, समुद्र कसा होता? एप्रिलमध्ये पाठवलेली ब्लेड्स मस्त चाललीत, आमचा ऑपरेटर खूश आहे.’ मग नवा परिच्छेद: ‘आज एका पार्टसाठी तुमची मदत हवी आहे.’ त्याखाली सीरियल नंबर, पार्ट नंबर, नग, कधीपर्यंत हवं.

यात सगळं वजन पुलिया आणि ब्लेड्सला आहे. नुसतं ‘होप यू आर वेल’ कुणीही कुणालाही लिहितं. पुलिया मात्र तिनेच जुलैच्या मेलमध्ये सांगितलं होतं, म्हणून मेल टाकण्याआधी जुना धागा उघडून वाचायचा. तिने जे सांगितलंच नाही ते विचारायचं नाही. नवरा-मुलांची चौकशी तर आपण सुरू करायचीच नाही.

‘पण घाई असेल तर?’ मशीन बंद पडलंय, तर विषयाच्या ओळीतच ‘मशीन बंद’ आणि सीरियल नंबर टाका. मग आत दोन ओळी आपुलकीच्या लिहिल्या तरी काही अडत नाही.

पहिल्याच मेलला मात्र जरा बेतानं. ओळख नसताना समुद्र कशाला? इंजिनिअर असेल तर आडनावाआधी ‘इंजेन्येर’ लावतात, पदवीधराला ‘दोत्तोर’, बाई असेल तर ‘दोत्तोरेस्सा’. तुम्हाला त्यांचं नाव कुठून मिळालं, त्यांचं मशीन तुमच्याकडे किती वर्षं चालतंय, एवढं सांगा आणि कामावर या.

जमलं की नाही, ते उत्तरात दिसतं. खाली पूर्ण नावाऐवजी नुसतं ‘पावला’ आलं, वर ‘चाओ’ आलं, की पुढच्या मेलपासून तुम्हीही ‘चाओ पावला’. शुक्रवार असेल तर शेवटी ‘बुओन वीकएंड’ टाका. हो, वीकएंडला तेही वीकएंडच म्हणतात!