दोन रुळांमधला एक मिलिव्होल्ट

मुंबईत घोड्यांची ट्राम जाऊन विजेची ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी गाशा गुंडाळावा लागला तो कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय उपकरणांना. ट्रामच्या विजेने त्यांचे काटे हलणार होते. म्हणून १९०४ मध्ये हे काम खाडीपलीकडे अलिबागला गेलं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथे आजही मोजलं जातं.

रुळांवरच्या गाड्या चुंबकीय क्षेत्रात ढवळाढवळ करतात, हे यातून कळलं. मग उलटा प्रश्न सुचतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र धावत्या गाडीला काय करतं? बारावीच्या भौतिकशास्त्रात दोन समांतर रुळांवरून घसरणारा एक दांडा असतो. मुलं त्याचं गणित पाठ करतात आणि विसरतात. पण तसा दांडा रोज आपल्या पायाखाली असतो. रेल्वेच्या डब्याची दोन चाकं जोडणारा पोलादी आस म्हणजे तोच.

दांडा सरकला की वीज का निर्माण होते? धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. आस पुढे निघाला की तेही त्याच्याबरोबर पुढे जातात. चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या प्रभारावर एक बल लागतं. ते गतीच्या दिशेलाही काटकोनात असतं आणि क्षेत्राच्या दिशेलाही. गाडी पुढे चालली आहे आणि क्षेत्र वरून खाली जातंय, म्हणजे बलाला उरते ती आडवी दिशा, आसाच्या लांबीची. इलेक्ट्रॉन एका चाकाकडे ढकलले जातात, दुसऱ्या चाकाकडे त्यांची उणीव पडते आणि दोन टोकांत विभवांतर तयार होतं. बॅटरीत जे काम रसायनं करतात, ते इथे गती करते.

हे विभवांतर किती? सूत्र साधं आहे: e = Blv. B म्हणजे क्षेत्र, l म्हणजे दांड्याची रुळांमधली लांबी, v म्हणजे वेग. यातली पहिली चूक B मध्येच होते. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे तिरपं आहे. त्याचा मोठा भाग जमिनीला समांतर, उत्तरेकडे जाणारा आहे आणि लहान भाग सरळ खाली जाणारा. आडव्या भागामुळे लागणारं बल आसाच्या लांबीच्या दिशेने लागतच नाही, त्यामुळे आपल्या हिशेबात तो धरायचा नाही. उभा भाग तेवढा घ्यायचा. अलिबाग-मुंबईच्या टापूत तो सुमारे २×१०⁻⁵ टेस्ला आहे. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १.६७६ मीटर. गाडीचा वेग ताशी १०८ किलोमीटर धरू. तो सूत्रात तसाच टाकला की उत्तर ३.६ पट फुगतं, म्हणून आधी मीटर प्रतिसेकंदात आणायचा: ३०. आता गुणाकार करा. उत्तर येतं जवळपास ०.००१ व्होल्ट. एक मिलिव्होल्ट! टॉर्चमधला सेल दीड व्होल्टचा असतो.

हाच आकडा दुसऱ्या वाटेनेही येतो. आस एका सेकंदात ३० मीटर पुढे जातो, म्हणजे साधारण ५० चौरस मीटर जमीन ओलांडतो. त्या जमिनीतून जाणारं क्षेत्र म्हणजे ५० गुणिले २×१०⁻⁵. पुन्हा तेच उत्तर. फॅरेडेचा नियम हेच सांगतो: मंडलातून जाणारा चुंबकीय फ्लक्स सेकंदाला जितका बदलतो, तितका ईएमएफ.

आता दिशा. गाडी उत्तरेकडे चालली आहे. फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम लावा: अंगठा गतीकडे म्हणजे उत्तरेला, तर्जनी क्षेत्राकडे म्हणजे खाली, मग मधलं बोट पश्चिमेला येतं. आसातली विद्युतधारा पश्चिमेकडे. (डावा हात पुढे करणाऱ्यांचं उत्तर बरोबर उलटं येतं, तो नियम मोटरचा.) इथे आणखी एक घोटाळा होतो. धारा नेहमी धनाकडून ऋणाकडे जाते असं डोक्यात बसलेलं असतं, म्हणून पश्चिमेचं टोक ऋण समजलं जातं. पण आस हाच इथे सेल आहे आणि सेलच्या आत धारा ऋणाकडून धनाकडेच जाते. म्हणजे पश्चिमेचा, गाडीच्या डाव्या हाताचा रूळ धन. गाडी उलट फिरून दक्षिणेला निघाली तर पूर्वेचा रूळ धन होईल, पण तोही तिच्या डाव्या हाताचाच. क्षेत्र खाली जात असेल तिथे कुठल्याही दिशेला जा, डावी बाजू धन.

हाताचे नियम विसरले तर लेन्झ आहे. गाडीच्या मागे दोन्ही रूळ तारेने जोडलेत असं समजा. आस दूर जातोय, चौकट वाढतेय, खाली जाणारा फ्लक्स वाढतोय. धारा या वाढीला विरोध करणार, म्हणजे वर जाणारं क्षेत्र निर्माण करणार. त्यासाठी वरून पाहता तिला घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरावं लागेल. चौकटीच्या उत्तरेच्या बाजूला, म्हणजे आसात, ती पश्चिमेकडेच जाते. तार गाडीच्या पुढे जोडली तर चौकट आक्रसते आणि धारा काट्यांच्या दिशेने फिरते, पण आता आस चौकटीच्या दक्षिणेला आहे. त्यात धारा पुन्हा पश्चिमेकडेच!

ही धारा गाडीला मागे ओढते. मंडलाचा रोध एकूण ०.१ ओम धरला तर धारा १० मिलिअँपिअर आणि मागे ओढणारं बल न्यूटनचा तीस लाखावा हिस्सा. इंजिनाला ते कळणारही नाही. पण ते शून्य नाही, कारण मिळणाऱ्या विजेची किंमत इंजिनालाच मोजावी लागते.

मग डब्यात बसून व्होल्टमीटर लावला आणि हा मिलिव्होल्ट पाहिला तर? काटा हलणार नाही. मीटरच्या तारा गाडीबरोबरच धावताहेत, त्यांच्यातही तेवढाच ईएमएफ तयार होतो आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. एकाच गाडीचे दोन आस घेतले तरी तेच. त्यांच्यामधली चौकट पळते, पण वाढत नाही. मीटर जमिनीवर, स्थिर रुळांना जोडलेला हवा आणि ते रूळ एकमेकांपासून वेगळे राखलेले हवेत.

तरीही मोजणं सोपं नाही. जानेवारी १८३२ मध्ये खुद्द फॅरेडेने लंडनच्या वॉटर्लू पुलावर असाच प्रयोग केला. त्याचा दांडा म्हणजे थेम्सचं वाहतं पाणी. पुलावरून लांब तांब्याची तार नेली, दोन टोकांच्या पत्र्या नदीत सोडल्या. काटा हलला, पण कसाही. पाणी आणि धातू यांच्या रासायनिक क्रियांमुळे निर्माण होणारी वीज त्याच्या सूक्ष्म ईएमएफला झाकून टाकत होती. रुळांवरही तीच अडचण. वेगवेगळे धातू, ओल, तापमानातला फरक, कशामुळेही मिलिव्होल्ट दिसू शकतो.

खरा कुठला, हे ओळखायला एक कसोटी आहे. तीच गाडी त्याच वेगाने उलट दिशेला न्या. गंज आणि ओलीमुळे येणारं विभवांतर गाडीच्या दिशेकडे पाहत नाही, ते तसंच राहील. प्रवर्तनाचं मात्र चिन्ह बदलेल. दोन वाचनांमधल्या फरकाचा निम्मा भाग म्हणजे आपला मिलिव्होल्ट.