डॅशबोर्डचा ताळा

वणीच्या एखाद्या जिनिंगची रुईगाठींची विक्री टॅलीत नोंदली जाते आणि मालक आकडे डॅशबोर्डवर पाहतो, असे समजा. प्रत्येक रिफ्रेशनंतर त्याच तारखांची विक्री खात्याची बेरीज आणि व्हाउचरची संख्या दोन्हीकडे ताडून पाहावी.

• संख्या सारखी, रक्कम वेगळी: खात्यात ४० लाख, डॅशबोर्डवर ४२ लाख. फरक नेमका ५ टक्के, म्हणजे डॅशबोर्डने जीएसटीसह बिलाची रक्कम धरली. विक्री खात्यात कर येत नाही.

• डॅशबोर्डवर व्हाउचर कमी: मागच्या तारखेने केलेली नोंद सुटली. फक्त नवे दिवस उचलणाऱ्या रिफ्रेशमध्ये असे होते. त्या नोंदीच्या तारखेचा महिना पुन्हा पूर्ण ओढावा.

• मर्यादा: दोन उलट चुका एकमेकींना झाकतात, म्हणून अधूनमधून बेरीज पार्टीनिहायही जुळवावी.