पाचव्या महिन्यातला गर्भपात आणि घागरीवर येणारा आळ

पाचव्या महिन्यात गर्भ गेला की उमरग्यात काय, लातुरात काय आणि पुण्यात काय, घरात पहिला प्रश्न एकच विचारला जातो: ‘काय उचललं होतंस?’ शोधलं की काहीतरी सापडतंच. पाण्याची घागर, ओलं धुणं, शेतातलं गवताचं ओझं, नाहीतर एसटीतला खड्ड्यांचा प्रवास. पाच महिन्यांत यातलं काहीच न केलेली बाई आपल्याकडे कुठून सापडणार? तरीही तेवढ्यावर निकाल लागतो आणि पुढच्या खेपेची शिक्षाही ठरते: नऊ महिने खाटेवरून उठायचं नाही. मग दुसऱ्या खेपेला ती खरोखर झोपून राहते, आणि पुन्हा त्याच सुमाराला, पोटात एकही कळ न येता, सगळं संपतं. यावर कुणी म्हणत नाही की आपलं निदान चुकलं. म्हणतात, ‘नीट झोपली नसेल.’ हा गैरसमज नुसता चुकीचा नाही, तो क्रूर आहे. ज्या आजारावर उपाय आहे, त्याच्या निदानाची वाट तो अडवून बसतो.

आधी घडतं काय ते पाहू. गर्भाशयाचा वरचा भाग स्नायूंचा असतो, कळा तिथेच तयार होतात. खालचा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयमुख, बायका ज्याला पिशवीचं तोंड म्हणतात. त्यात स्नायू कमी आणि कोलॅजनचे चिवट तंतू जास्त. वाढत्या गर्भाचं वजन आणि पाण्याचा दाब सोसून दिवस भरेपर्यंत मिटलेलं राहणं हे त्याचं काम. गर्भारपणाच्या मध्यावर त्याची लांबी साधारण ३५ ते ४० मिलिमीटर असते. काही बायकांमध्ये हे तंतू दाब पेलू शकत नाहीत. तोंड आतल्या टोकापासून उघडू लागतं, लांबी कमी होत जाते आणि पाण्याची पिशवी त्या फटीत उतरते. कळा नसल्यामुळे दुखत नाही. फार तर ओटीपोटात जडपणा, कंबरेत बारीक दुखणं, पांढरं किंवा गुलाबीसर चिकट पाणी, खाली काहीतरी दाबल्यासारखं वाटणं. हे सगळं गर्भारपणात नेहमीचंच वाटावं असं असतं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पाणी गेलेलं असतं आणि मग थोडक्या वेळात, फारशा वेदनांशिवाय, बहुतेकदा तोवर जिवंत असलेलं बाळ बाहेर येतं. आधीच्या बाळंतपणात मुखाला गेलेली खोल चीर, मुखावरची शस्त्रक्रिया, पुन्हा पुन्हा केलेलं क्युरेटिंग, गर्भाशयाची जन्मजात वेगळी ठेवण ही कारणं काहींच्या बाबतीत सापडतात. पुष्कळदा काहीच सापडत नाही. पण कारणांच्या कोणत्याही यादीत घागर नाही.

‘झोपून राहा’ या सल्ल्याचा फोलपणा जगाला दाखवून देणारा डॉक्टर आपल्याच मातीतला होता, म्हणून तर अधिक वाईट वाटतं. विठ्ठल नागेश शिरोडकर १८९९ मध्ये गोव्यातल्या शिरोडा गावी जन्मले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून तिथेच प्राध्यापक झाले. चौथ्या ते सातव्या महिन्यात वारंवार गर्भ जाणाऱ्या बायकांना तेव्हा विश्रांती आणि हार्मोन हेच दिलं जाई. १९५५ साली ‘अँटिसेप्टिक’ या वैद्यकीय मासिकातल्या लेखात शिरोडकरांनी लिहिलं की यातल्या काही बायकांना कितीही विश्रांती आणि हार्मोन दिले तरी उपयोग होत नाही, कारण दोष मुखाच्या आतल्या टोकाच्या कमकुवतपणात आहे. उपायही त्यांनीच दिला. त्या बाईच्याच मांडीतल्या चिवट आवरणाची पट्टी काढायची, मूत्राशय थोडं वर सरकवायचं आणि मुखाच्या आतल्या टोकाजवळ ती पट्टी गुंडाळून बांधायची. पुढे मांडीतल्या पट्टीची जागा कृत्रिम धाग्याच्या फितीने घेतली. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इयन मॅकडोनल्ड यांनी सोपी पद्धत सांगितली: काहीही न कापता मुखाभोवती चार-पाच ठिकाणी सुई घालून धागा बटव्याच्या नाडीसारखा आवळायचा. आज बहुतेक ठिकाणी हीच पद्धत वापरतात. पण जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ‘शिरोडकर टाका’ हे नाव कायम आहे. सत्तर वर्षं झाली, आणि त्यांच्याच मुलखात अजून घागरीची चौकशी चालते.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘आमच्या वहिनी झोपून राहिल्या, त्यांचं मूल टिकलं की.’ टिकलं असेल. पण न झोपता ते टिकलंच नसतं, हे कशावरून? ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने टाक्याची जी मोठी चाचणी केली (निष्कर्ष १९९३ साली आले), तिच्यात अशा १२९२ बायका होत्या ज्यांना टाका घालावा की नाही याबद्दल डॉक्टरांनाच खात्री नव्हती. टाका न घातलेल्या गटातही ८३ टक्के बायका ३३ आठवड्यांच्या पुढे गेल्या. म्हणजे एकदा गर्भ गेला तरी पुढचं गर्भारपण आपोआप नीट पार पडण्याची शक्यता बरीच असते. त्या काळात जे काही केलं असेल, झोपणं, नारळ, उपास, इंजेक्शन, त्याला श्रेय मिळतं. झोपण्याबद्दलचा थेट पुरावाही आहे. २०१३ साली अमेरिकेत ग्रोबमन आणि सहकाऱ्यांनी मुख आखूड असलेल्या पहिलटकरणींची माहिती तपासली. हालचालींवर बंधनं घातलेल्यांपैकी ३७ टक्के बायका ३७ आठवड्यांआधी बाळंत झाल्या, बंधनं नसलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं. ते निरीक्षण होतं, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती, त्यामुळे झोपल्यानेच बाळंतपण लवकर झालं असं म्हणता येणार नाही. पण फायद्याची खूणही दिसली नाही. तोटे मात्र ठाऊक आहेत: पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या, गळून गेलेले स्नायू, बुडालेली मजुरी आणि घरभर पसरलेली अपराधाची भावना. याचा अर्थ सहाव्या महिन्यात उसाच्या मोळ्या वाहाव्यात असा नाही. जड कष्ट कमी करावेत, पोटभर खावं. पण घरातलं रोजचं हिंडणंफिरणं बंद करून मुख मजबूत होत नाही.

तीच १९९३ची चाचणी टाक्याबद्दलही सावध करते, आणि ते न सांगणं अप्रामाणिक ठरेल. एकूण बायकांत ३३ आठवड्यांआधी बाळंत होण्याचं प्रमाण टाका घातलेल्यांत १३ आणि न घातलेल्यांत १७ टक्के होतं, म्हणजे फरक बेताचा. पण ज्यांची आधीची तीन वा अधिक गर्भारपणं वेळेआधीच संपली होती, त्यांच्यात हेच प्रमाण १५ विरुद्ध ३२ टक्के निघालं. टाका काम करतो, पण योग्य बाईची निवड केली तर. ही निवड कशी होते ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, उमरगा तालुक्यातली चोवीस वर्षांची बाई आहे. पहिला गर्भ विसाव्या आठवड्यात गेला, दुसरा अठराव्यात, दोन्ही वेळा कळांशिवाय, रक्तस्राव नाही, ताप नाही. हा इतिहास स्पष्ट असेल तर बरेच डॉक्टर तिसऱ्या खेपेला बाराव्या-तेराव्या आठवड्यात सोनोग्राफी करून बाळ ठीक असल्याची खात्री करतात आणि लगेच टाका घालतात. कंबरेतून भूल, अर्ध्या तासाच्या आतलं काम, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात टाका काढायचा. मॅकडोनल्ड पद्धतीचा असेल तर तो बहुतेकदा भुलीशिवायच निघतो.

आता समजा तिचा गर्भ एकदाच गेला आहे आणि तेव्हा दुखलं होतं की नाही हे नीट आठवत नाही. मग टाक्याची घाई न करता सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यादरम्यान दर दोन आठवड्यांनी योनीमार्गातून सोनोग्राफी करून लांबी मोजायची. सोळाव्याला ३४, अठराव्याला २९, विसाव्याला २२ मिलिमीटर आली, तर धोक्याची रेषा, म्हणजे २५ मिलिमीटर, ओलांडली गेली आणि टाका घालायची वेळ झाली. सगळी मोजमापं तिशीच्या वर राहिली तर टाका टळला, आणि तेही यशच. ही सोनोग्राफी लघवी करून मूत्राशय रिकामं झाल्यावर करतात, कारण भरलेलं मूत्राशय मुखाला दाबून त्याची लांबी खोटीच वाढवून दाखवतं. भरल्या मूत्राशयाने पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ‘तोंड बंद आहे’ असं लिहून आलं म्हणून निर्धास्त राहू नये, ते याचसाठी. तोंड उघडून पिशवी दिसू लागल्यावरही काही वेळा टाका घालता येतो, पण कळा, रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग असेल तर नाही. तेव्हा मूल वाचवण्याच्या नादात आईचा जीव धोक्यात येतो.

बाकीच्या समजुतींना एकेक ओळ पुरे. आतून केलेल्या सोनोग्राफीने गर्भ पडत नाही. टाका बाळाला लागत नाही, तो बाळापासून दूर, मुखात असतो. टाका घातला म्हणजे सिझरच होणार असं नाही, तो काढल्यावर नेहमीसारखं बाळंतपण होऊ शकतं. तिसऱ्या महिन्याच्या आत जाणाऱ्या गर्भांशी या आजाराचा संबंध नाही, ते बहुतेक गर्भातल्याच गुणसूत्रांच्या दोषाने जातात आणि तिथे टाका निरुपयोगी आहे. जुळी असून केवळ मुख आखूड दिसलं म्हणून टाका घालणं फायद्याचं ठरलेलं नाही. आधी कधीच गर्भ गेला नाही पण मुख आखूड दिसलं, तर सहसा टाक्याऐवजी योनीमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात. आणि टाका घातला की झालं, असंही नाही: तो असूनही गर्भ जाऊ शकतो. तसं झालं तर पुढच्या वेळी पोटातून, मुखाच्या वरच्या टोकाला टाका घालण्याचा पर्याय मोठ्या रुग्णालयात उपलब्ध असतो, मात्र त्यानंतर बाळंतपण सिझरनेच होतं.

टाका असताना पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा कळा सुरू झाल्या, तर तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जायचं, कारण कळांच्या जोराने टाक्याच्या जागी मुख फाटू शकतं. म्हणून माहेरी जा, सासरी जा, टाक्याचा कागद सोबत असू द्या आणि ‘मला टाका आहे’ हे तिथल्या नर्सला पहिल्या वाक्यात सांगा.

ज्यांचा गर्भ चौथ्या ते सहाव्या महिन्यात गेला आहे, त्यांच्या घरच्यांना एक विनंती. काय उचललं होतं हे विचारू नका. कितवा आठवडा होता, आधी पाणी गेलं की आधी कळा आल्या, दुखलं किती, रक्त किती गेलं, ताप होता का, हे त्याच आठवड्यात कागदावर लिहून घ्या आणि दवाखान्याच्या कागदांसोबत जपून ठेवा. पुढच्या खेपेला पाळी चुकल्याचं कळताच तो कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, मग ते उमरग्यात असोत, सोलापुरात असोत की लातुरात. पाचव्या महिन्याची वाट पाहू नका. टाक्याचा निर्णय बाराव्या आठवड्यापासूनच घ्यावा लागतो.