सातव्या दिवसाची भेट

वजनकाट्याची झोळी दाराच्या कडीला अडकवून आशाताईंनी बाळाला हळूच तिच्यात ठेवलं. सहा दिवसांपूर्वी तालुक्याच्या दवाखान्यात नीट प्रसूती झालेली, दोन दिवसांनी बाळंतीण माहेरी आलेली. काटा स्थिर होईपर्यंत कोपऱ्यातून आवाज आला, "ताई, त्याचं वजन कशाला घेता? हे माझं नाही. माझं तिकडेच बदललं."

बाळंतिणीची आई कानकोंडी झाली. "पाचवीच्या रात्रीपासून असंच चाललंय हो. मध्येच हसते, मध्येच गप्प होते. सकाळी मात्र अगदी चांगली होती, चहा प्याली, बोलली. मावशी म्हणते, बाहेरचं काहीतरी लागलंय. अमावास्येनंतर एका ठिकाणी न्यायचं म्हणतोय."

आशाताईंनी एकच विचारलं, "झोप?"

"तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. आणि दमलेय असंही म्हणत नाही."

या बाईला आपण सुनंदा म्हणू. ती एक बाई नाही. मनोविकारतज्ज्ञ म्हणून वॉर्डात भेटलेल्या अनेकींचे तपशील जुळवून मी ही हकिकत मांडते आहे. आजाराची वाट मात्र बहुतेकींच्या बाबतीत हीच असते. प्रसूतीनंतरचा सायकोसिस हा हजार बाळंतिणींत एक-दोघींना होतो आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येणं, जीव घाबरा होणं हे निम्म्याहून अधिक बाळंतिणींना होतं आणि दहाबारा दिवसांत ओसरतं. अशी बाळंतीण थकलेली असते. बाळाला कुणी घेतलं की ती झोपते. सायकोसिसमध्ये बाळ झोपलं तरी आई जागी असते आणि तिला झोपेची गरजच वाटत नाही. सगळ्यात आधी दिसणारी खूण बहुतेक वेळा हीच, म्हणून आशाताईंचा तो एका शब्दाचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

घरच्यांना आणि डॉक्टरांनाही फसवते ती या आजाराची भरती-ओहोटी. सकाळी चहा पिऊन नीट बोलणारी सुनंदा दुपारी भिंतीकडे बघत कुणाशी तरी पुटपुटते, संध्याकाळी आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासं होतं. नेमक्या चांगल्या तासात तिला डॉक्टरांपुढे नेलं, तर "अशक्तपणा आहे, झोपेची गोळी देतो, आठवड्याने या" असं ऐकून सगळे परत येतात. आठवडा थांबण्याजोगा हा आजार नाही. काही तासांत तो पालटतो. बाळाबद्दल पक्का बसलेला भ्रम, मग तो बाळ बदललं हा असो, त्याच्यात वाईट शक्ती आहे हा असो, किंवा त्याला या जगातून सोडवलं पाहिजे हा असो, हाच आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी शंका आलेल्या बाळंतिणीची तज्ज्ञांकडून तपासणी चार तासांच्या आत व्हायला हवी. चार दिवस नव्हे, चार तास.

इथे एक फरक सांगायलाच हवा, नाहीतर निरोगी आयाही धास्तावतील. "बाळ हातून पडलं तर? माझ्याच हातून त्याला काही झालं तर?" असे नकोसे विचार कित्येक आयांच्या मनात येतात. त्यांना त्या विचाराची भीती वाटते, त्या तो झटकत असतात, सुरी लपवून ठेवतात. ती चिंता असते आणि तिच्यावर उपचार आहेत. सुनंदाला तिच्या विचाराची भीती वाटत नव्हती. तो तिला खरा वाटत होता. म्हणून "बाळाबद्दल मनात काय काय येतं?" हे मऊ आवाजात, पण स्पष्ट विचारायचं. विचारल्याने डोक्यात नवं खूळ शिरत नाही.

आशाताईंनी तिथूनच प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन लावला, मग १०८ ला. गाडी येईपर्यंतचा पाऊण तास त्यांनी ज्या रीतीने काढला, तो मी शिकणाऱ्या डॉक्टरांना नेहमी सांगते. बाळ आजीच्या मांडीवर, पण सुनंदाला दिसेल असं. सुनंदाजवळ सतत एक माणूस, अगदी मोरीत जातानाही. परसात विहीर होती, म्हणून मागचं दार लावून घेतलं. विळी, कोयता उचलून ठेवला. "बाळ तुझंच आहे गं" असा वाद कुणी घातला नाही. "तुला फार भीती वाटतेय ना, आपण दवाखान्यात जाऊन बघू," एवढंच. बांधणं नाही, अंगारा नाही, मिरच्यांची धुरी नाही.

दवाखान्यात पोचल्यावर आधी शरीर तपासायचं. बाळंतिणीचं डोकं बिघडल्यासारखं दिसण्यामागे जंतुसंसर्ग असू शकतो, वाढलेला रक्तदाब असू शकतो, मेंदूतल्या शिरेत झालेली रक्ताची गाठही असू शकते. ताप, नाडी, रक्तदाब, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला वास, टाक्यांची जागा हे बघायला दहा मिनिटं पुरतात. मग रक्त, साखर, क्षार, थायरॉइड यांच्या तपासण्या. फार डोकं दुखत असेल, झटका आला असेल, एक बाजू लुळी वाटत असेल, तर मेंदूचं स्कॅन लगेच. मात्र "आधी रिपोर्ट येऊ द्या" म्हणून तिला घरी पाठवायचं नाही. तपासण्या आणि सोबत हे दोन्ही एकदमच चालतं.

सुनंदा दाखल व्हायला तयार नव्हती. अशा वेळी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये वाट आहे. जीव धोक्यात असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, इथे नवऱ्याच्या, संमतीने ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. पुढे गरज पडली तर आधार देऊन केलेल्या दाखल्याची वेगळी तरतूद आहे. याच कायद्याचं कलम २१ मात्र डॉक्टरांनाही फारसं पाठ नसतं. उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे तोडायचं नाही, असं ते सांगतं. आईच्या आजारामुळे बाळाला धोका आहे असं मनोविकारतज्ज्ञाचं मत झालं तर तात्पुरतं वेगळं ठेवता येतं, पण तेव्हाही देखरेखीखाली तिला बाळ भेटलं पाहिजे आणि त्या निर्णयाचा दर १५ दिवसांनी फेरविचार झाला पाहिजे. सलग ३० दिवसांपेक्षा जास्त वेगळं ठेवायचं तर संबंधित प्राधिकरणाची मंजुरी लागते.

आई आणि बाळाला एकत्र दाखल करण्यासाठी बंगळूरच्या निम्हान्समध्ये २००९ पासून पाच खाटांचा स्वतंत्र विभाग चालतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असतो तो साधा मनोविकार वॉर्ड. तिथेही एका बाजूच्या खोलीत हे जमवता येतं. आम्ही जमवलं. पहिल्या तीन रात्री बाळ आजीजवळ, शेजारच्या खोलीत. रात्रीचं दूध आधी काढून ठेवलेलं, ते आजी वाटी-चमच्याने पाजायची. कारण सुनंदाला औषधाइतकीच झोपेची गरज होती आणि स्तन भरून गाठी होऊ नयेत हेही बघायचं होतं. दिवसा ती शांत असेल तेव्हा नर्स बाळाला घेऊन तिच्याशेजारी बसायची. पहिल्या दिवशी सुनंदाने फक्त पाहिलं. दुसऱ्या दिवशी पायाचा अंगठा धरला. पाचव्या दिवशी छातीशी घेतलं आणि विचारलं, "याच्या कानामागे तीळ होता, तो आहे का?" नर्सने दाखवला. ती बराच वेळ त्या तिळावर बोट ठेवून बसली.

बाळाला आईपासून दूर नेलं असतं, तर तो तीळ तिने पाहिला नसता. "माझं बदललं" हा भ्रम रिकाम्या खाटेकडे बघून आणखी घट्ट झाला असता. एकत्र दाखल करण्यात दया आहेच, पण ते उपचारही आहेत. आणि रोज तीन वेळा नर्सने लिहिलेली नोंद, म्हणजे बाळ रडलं की आई वळते का, कसं धरते, काय म्हणून हाक मारते, ही आजार उतरत असल्याची रक्ताच्या रिपोर्टइतकी खरी खूण असते.

सुनंदाला ऑलान्झापिन दिलं आणि सुरुवातीचे काही दिवस लोराझेपाम. अंगावर पाजणं चालू राहिलं, बाळ जास्त सुस्त होत नाही ना यावर लक्ष ठेवून. काहींना लिथियम लागतं, तेव्हा बहुधा वरचं दूध द्यावं लागतं. फारच तीव्र आजारात वीजझटक्यांचा उपचार लवकर गुण देतो. चौथ्या आठवड्यात ती बरी झाली आणि रडायला लागली. बरं वाटल्यावर येणारी ही उदासी आणि लाज ठरलेलीच असते, तीही धोक्याची असते, आणि ती नेमकी घरी गेल्यावर वाढते.

म्हणून घरी सोडतानाचं पत्र. एका ठिकाणी मी पाहिलेल्या कार्डावर इंग्रजीत रोगाचं नाव, दोन गोळ्या आणि "१५ दिवसांनी ओपीडी" एवढंच होतं. ती बाई नवव्या दिवशी पुन्हा जागी राहू लागली आणि गावात ते कुणालाच ओळखता आलं नाही. सुनंदाचं पत्र आम्ही मराठीत, एका पानात लिहिलं. ते वाचणार होते वैद्यकीय अधिकारी, नर्सताई आणि आशाताई. आशाताई गावातल्याच, म्हणून काय सांगायचं हे आधी सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, "भ्रमाचं लिहू नका, झोपेचं लिहा." तेवढंच आशाताईंच्या प्रतीत ठेवलं. बाळाबद्दलचा भ्रम मात्र वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रतीत लागतोच, हे तिला समजावून तिची संमती घेतली.

त्यातल्या ओळी अशा होत्या: "आजाराची सुरुवात झोप उडण्यापासून झाली. सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप, किंवा बोलण्याचा वेग वाढला, तर त्याच दिवशी आम्हाला फोन करावा. ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नये. ऑलान्झापिन १० मिलिग्रॅम, रोज रात्री, आई स्वतः देते. बरं वाटलं तरी बंद करायचं नाही, किमान काही महिने चालेल. रात्रीचं बाळ आजीकडे. बाळासोबत एकटं राहण्याची मुभा पायरीपायरीने वाढवली आहे, आता दिवसा दोन तास. उदासी, मरणाचे विचार यांबद्दल प्रत्येक भेटीत विचारावं. बाळाची दीड महिन्याची लस बाकी. पहिली गृहभेट घरी पोचल्यापासून सात दिवसांच्या आत, कोण करणार त्यांचं नाव पुढे लिहावं."

त्या रिकाम्या जागेत नाव पडल्याशिवाय मी तिला सोडलं नाही. केंद्रातल्या नर्सताईंना फोन करून पत्र वाचून दाखवलं, त्यांनी नाव सांगितलं, ते मी माझ्या हाताने लिहिलं. खाली आमचा नंबर आणि टेलिमानसचा १४४१६, रात्रीसाठी.

शेवटची ओळ पुढच्या बाळंतपणाची. एकदा हा आजार झालेल्यांपैकी दोघी-तिघींतल्या एकीला पुढच्या वेळी तो पुन्हा होतो. ज्यांना पूर्वी द्विध्रुवी आजार आहे त्यांच्यात तर पहिल्याच बाळंतपणात साधारण पाचात एकीला. कुणी हे आधी सांगितलं तर औषध आणि पहारा प्रसूतीच्या दिवसापासूनच तयार ठेवता येतो. म्हणून ती ओळ पत्रात ठेवून भागत नाही, पत्र हरवतं. आशाताईंनी ती सुनंदाच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लाल शाईने उतरवून घेतली: "पुढच्या वेळी दिवस राहताच मनोविकारतज्ज्ञांना दाखवणे." वाचून सुनंदाने पेन मागून घेतला आणि त्याखाली सही केली.